प्रवासात कॉफी: बीन्स, पावडर न् सामान कसं न्यायचं, आणि हॉटेलच्या रूमवर प्यावीशी कॉफी कशी करायची

मी सांगलीला विश्रामबागेत राहते. पॅथॉलॉजी लॅबमधली मशीन बसवायची आणि तिथल्या टेक्निशियनना ती शिकवायची हे माझं काम, त्यामुळे महिन्यातले आठ-दहा दिवस बाहेरच जातात. कधी कराड-सातारा, कधी लातूर, कधी कोल्हापूरहून विमानाने हैदराबाद. घरी कॉफी नीट करायला लागल्यापासून लॉजवरची ती पुडीतली इन्स्टंट घशाखाली उतरेना, म्हणून सामान बरोबर न्यायला लागले. पहिलं वर्षभर बऱ्याच चुका झाल्या, आता बसलंय सगळं. नात्यातले, ऑफिसातले बरेच जण विचारतात म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून काढते.

आधी एकच गोष्ट सांगते, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. प्रवासात वरून धार सोडायची पद्धत, म्हणजे व्ही-सिक्स्टीसारखा कोन आणि त्यावर गोल गोल पाणी, ती घरी ठेवा. हॉटेलच्या केटलचं तोंड रुंद असतं, पाणी भसकन पडतं, पावडरीत खड्डा होतो न् त्या खड्ड्यातूनच सगळं पाणी निघून जातं. कॉफी एकाच वेळी आंबटही लागते न् कडूही. त्यापेक्षा पावडर पाण्यात भिजत ठेवायची आणि मग गाळायची अशी पद्धत धरा. त्यात धार कशी पडली याला काही महत्त्व नाही, फक्त कॉफी किती, पाणी किती आणि वेळ किती एवढंच बघायचं, आणि हे तिन्ही आपल्याला घरूनच ठरवून नेता येतं.

१. सामान काय घ्यायचं

माझी पिशवी अशी असते:

- एअरोप्रेस, म्हणजे कॉफी भिजवून दट्ट्याने दाबून गाळायची प्लास्टिकची नळी, आणि त्याचे कागदी फिल्टर (दिवसाला कप मोजून, वर चार जास्त)
- हाताने फिरवायचा ग्राइंडर
- जाड बुडाचा स्टीलचा मग
- बीन्सच्या मापून भरलेल्या पुड्या
- एक गडद रंगाचं सुती फडकं
- दोन रिकाम्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि वर्तमानपत्राची दोन पानं

वजनकाटा यात नाही, मुद्दामच नाही. खिशातले छोटे काटे ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवतात पण बॅगेत त्यांच्यावर दाब आला की आतलं सेन्सर वाकतं आणि नंतर काटा चुकीचं वजन दाखवतो, आपल्याला कळतही नाही. माझा एक असाच गेला. दोन दिवस कॉफी पाणचट का होतेय ते समजेना, शेवटी समोरच्या किराणा दुकानातून साखरेचा छोटा मोजलेला पुडा मागून ताडून बघितला तेव्हा उलगडा झाला. घरी मापून नेलं की तिकडे काटा लागतच नाही.

एअरोप्रेसच का, तर ते प्लास्टिकचं आहे, फुटत नाही, आणि धुवायला दोन मिनिटं लागत नाहीत. २००५ पासून बाजारात आहे, आपल्याकडे ऑनलाइन मिळतं. काचेचं फ्रेंच प्रेस एसटीच्या टपावरच काय, मांडीवर सुद्धा सांभाळणं अवघड. मोका पॉटला शेगडी लागते, आणि बहुतेक मोका पॉट ॲल्युमिनियमचे असतात ते इंडक्शनवर पण तापत नाहीत.

एवढा खर्च लगेच करायचा नसेल तर घरातलं साऊथ इंडियन स्टीलचं फिल्टर घ्या, ते पण भिजवून गाळायचंच तंत्र आहे, पडलं तर फार तर पोचा येईल. फक्त त्याला वेळ लागतो, रात्री झोपताना डिकॉक्शन लावून ठेवलं तर सकाळी तयार, पण गार असतं म्हणून दुधाबरोबरच चांगलं लागतं. आणि काहीच सामान नको असेल तर पायरी ६ मधली ग्लासातली पद्धत बघा.

शेगडीचं एक सांगून ठेवते. कॅम्पिंगचा गॅस सिलिंडर विमानात हँडबॅगेतही चालत नाही न् चेक-इनलाही नाही, रेल्वेत पण ज्वालाग्राही वस्तू न्यायला बंदी आहे. आणि ट्रेनमधल्या चार्जिंग पॉइंटला केटल लावू नका, तो मोबाईल-लॅपटॉपसाठी आहे, केटल लावायला मनाई आहे आणि कारवाई होऊ शकते. मिरजेहून रात्री गाडीत बसलात तर ट्रेनमधल्या कॉफीसाठी घरूनच थर्मास भरून घ्या.

२. बीन्स की पावडर, हे दिवसांवरून ठरवा

भाजलेल्या बीच्या आत कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो न् त्याच्याबरोबरच वास धरून ठेवणारे घटक. बी अख्खी असेल तर ते हळूहळू निघतात, आठवडे टिकतात. दळली की एका बीचे शेकडो कण होतात, सगळ्यांना हवा लागते, आणि दळताना घरभर जो घमघमाट सुटतो तो म्हणजे कपात जायच्या ऐवजी हवेत गेलेला वासच. म्हणून:

एका रात्रीचा मुक्काम असेल तर निघायच्या आधी दळून न्या, काही बिघडत नाही. घरच्यापेक्षा थोडी उतरते पण लॉजच्या इन्स्टंटच्या पुष्कळ वर.

दोन रात्रींच्या पुढे ग्राइंडर घ्याच. चौथ्या दिवशीची पावडर वास घेऊन बघा, कॉफीपेक्षा पुठ्ठ्याचा वास जास्त येतो.

बीन्स भाजल्याची तारीख पाकिटावर असलेलेच घ्या. चिकमगळूर, कुर्ग इकडचे भरपूर रोस्टर कुरियरने पाठवतात, सांगलीत चार-पाच दिवसांत येतं. भाजल्यावर साधारण आठवडाभर थांबून मग नेलं तर जास्त चांगलं, अगदी ताज्या बीन्समध्ये गॅस इतका असतो की पाणी ओतल्यावर फेसच फेस वर येतो आणि पाणी आत शिरत नाही.

चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड, असलेली पावडर असेल (आपल्याकडे फिल्टर कॉफी म्हणून मिळते ती बरीचशी चिकोरीवालीच असते, पाकिटावर टक्के लिहिलेले असतात) तर ती एअरोप्रेसच्या कागदातून नीट जात नाही, दाबताना दम लागतो. तिच्यासाठी स्टीलचं फिल्टरच बरं. शिवाय चिकोरी हवेतला ओलावा पटकन धरते, पावसाळ्यात महाबळेश्वर-पाचगणीकडे नेली तर दुसऱ्या दिवशी गुठळ्या.

३. पुड्या बांधणे

या पायरीला अर्धा तास द्या, पुढचा सगळा ताप वाचतो.

एका कपाला मी १५ ग्रॅम कॉफी आणि २२० मिली पाणी धरते. म्हणजे कॉफीच्या साधारण पंधरापट पाणी. ज्याला दूध घालून प्यायचंय त्याला १८ ग्रॅम कॉफी न् १२० मिलीच पाणी, कारण वरून दूध पडल्यावर पातळ होतं. घरच्या काट्यावर मोजून प्रत्येक कपाची एक छोटी झिपवाली पिशवी, वर पेनने १५ किंवा १८ लिहायचं. सगळ्या पिशव्या मग एका घट्ट झाकणाच्या डब्यात.

झिप लावायच्या आधी पिशवी तळहाताने दाबून आतली हवा काढा. हे विसरायचं नाही. वाईहून पसरणी घाट चढताना वेफर्सची पाकिटं कशी टम्म फुगतात ते तुम्ही बघितलं असेल, बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो न् आतली हवा पसरते. विमानाच्या केबिनमधला दाब तर घाटमाथ्यापेक्षाही कमी असू शकतो. पिशवीत हवा असेल तर झिप उघडते. मी एकदा दळलेली कॉफी अशीच हवेसकट भरली होती, हैदराबादला बॅग उघडली तर ट्रेनिंगला घालायचा पांढरा कुर्ता तपकिरी झालेला, आणि बारीक पावडर शिवणीत बसली की दोन धुण्यात पण निघत नाही. बीन्स असत्या तर निदान वेचून घेता आल्या असत्या. रोस्टरच्या पाकिटाला जो बारीक भोकांचा गोल व्हॉल्व असतो तो यासाठीच असतो, आतला गॅस बाहेर जातो पण बाहेरची हवा आत येत नाही, म्हणून अख्खं पाकीट नेणार असाल तर त्या व्हॉल्ववर टेप लावू नका.

उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा मागच्या काचेखाली पिशवी ठेवू नका. सांगलीच्या एप्रिलमध्ये बंद गाडीत बीन्सवर तेल सुटतं, चकचकीत दिसायला लागतात, आणि ते तेल हवेत लवकर खवट होतं. सीटखाली कपड्यांच्या बॅगेत मध्यभागी ठेवा.

फ्रीजरमध्ये बीन्स ठेवणारे असाल तर प्रवासाच्या आदल्या रात्रीच डबा बाहेर काढा आणि सकाळपर्यंत उघडू नका. गार डबा उघडला की हवेतली वाफ बीन्सवर दव पडल्यासारखी बसते.

४. विमानतळावर

देशातल्या प्रवासात कॉफीला मला कधी कुणी हरकत घेतली नाही. थांबवतात ते ग्राइंडरसाठी. एक्स-रेमध्ये तो जड धातूचा गोळा दिसतो, आत दातेरी चकत्या, वरून दांडा. दोनदा बॅग पूर्ण उघडायला लावली. तेव्हापासून चेक-इन बॅग असेल तर ग्राइंडर तिच्यात टाकते, आणि फक्त हँडबॅग असेल तर दांडा काढून ग्राइंडर वरच्या कप्प्यात ठेवते आणि ट्रेमध्ये लॅपटॉपच्या शेजारी वेगळा काढून ठेवते, विचारलं तर झाकण उघडून दाखवते, "कॉफी दळायचा आहे" म्हटलं की पुरतं. ग्राइंडर आतून पुसून न्या, आत जुनी पूड असेल तर ती झटकत बसावं लागतं.

चार्जिंगचा ग्राइंडर असेल तर तो न् पॉवरबँक दोन्ही हँडबॅगेत. पॉवरबँक चेक-इनला चालतच नाही.

परदेशी जाणाऱ्यांनी बीन्स मूळ सीलबंद पाकिटातच न्याव्यात, खुणा नसलेल्या झिप पिशव्या नकोत, कस्टमवाल्याला वाचून कळलं पाहिजे की हे भाजलेल्या कॉफीचं आहे. कच्च्या हिरव्या बीन्स नेऊ नका, बियाणं म्हणून अडवू शकतात. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हँडबॅगेत ३५० मिलीपेक्षा जास्त कुठलीही पावडर असेल तर जास्तीची तपासणी होते, २०१८ पासूनचा नियम आहे, म्हणून दळलेली कॉफी चेक-इनला टाका.

५. रूमवर पोचल्यावर आधी केटल आणि पाणी

कॉफीच्या आधी केटलचं झाकण उघडून आत वास घ्या आणि बोटाने तळ चाचपा. केटलमध्ये लोक मॅगी करतात, अंडी उकडतात, दूध तापवतात. मसाल्याचा वास असेल तर भरून उकळायचं, ओतून टाकायचं, परत तेच. दोन वेळा करूनही वास राहिला तर रिसेप्शनला फोन करून केटल बदलून मागा, सगळीकडे देतात, लाजायचं काही नाही. तळाला पांढरा थर असेल तर तो क्षाराचा, तो घाण नाही पण पाणी जड आहे हे त्यावरून कळतं. अर्धं लिंबू पिळून पाणी उकळा न् दहा मिनिटं तसंच ठेवा, थर बराच सुटतो, मग एकदा साध्या पाण्याने उकळून ओतून द्या.

पाण्याचं असं आहे. आमच्याकडे बोअरचं पाणी जड, त्यातले क्षार कॉफीतली आंबट-गोड चव मारून टाकतात, कॉफी खडूसारखी सपाट लागते. उलट लॉजवरच्या आरओचं पाणी कधीकधी इतकं हलकं केलेलं असतं की त्यात कॉफीचा अर्क नीट उतरत नाही, पाणचट न् आंबट लागते. मी बंद बाटलीचं पाणी वापरते, ब्रँड कुठलाही, पण अख्ख्या ट्रिपभर एकच ब्रँड, म्हणजे चव बदलली तर पाण्यावर संशय घ्यायला नको. बाटलीचा दुसरा फायदा असा की अर्ध्या लिटरची बाटली हेच तुमचं माप. एक बाटली म्हणजे दोन कप आणि वर थोडं भांडी तापवायला.

केटलला आत "मिन" अशी रेघ असते, एक लिटरच्या केटलला ती बऱ्याचदा अर्ध्या लिटरच्या आसपास. एका कपाचंच पाणी टाकून लावली तर ती आपोआप बंद होते किंवा तळ उघडा पडून तापतो. म्हणून एकटे असाल तरी अख्खी बाटली ओता.

चहावाल्या लॉजवर, जिथे केटलच नसते, तिथे पाणी तापवायचा कॉइल लावू नका. स्वस्तातल्या लॉजची वायरिंग जुनी असते, आणि बऱ्याच ठिकाणी कॉइलला बंदीचा बोर्डच असतो. खाली किचनमध्ये थर्मास द्यायचा, आधी त्यात गरम पाणी घालून हिसळून ओतून द्यायचं आणि मग उकळतं भरून आणायचं. वर येईपर्यंत ते थोडं निवतंच, त्याचा उपाय पुढे सांगते. आणि स्वतःची केटल नेणार असाल तर तिचा प्लग बघा, मोठ्या तीन पिनांचा १६ अँपिअरचा असेल तर बेडशेजारच्या छोट्या सॉकेटला बसत नाही, ती बाथरूममधल्या गिझरच्या शेजारीच लावावी लागते.

६. कप कसा करायचा

घरून निघायच्या आधी एक काम करून ठेवा. एअरोप्रेस काट्यावर मगवर ठेवून त्यात २२० ग्रॅम पाणी ओता (खालून गळतं, ते मगातच पडतं, काटा एकूण वजन दाखवतो), आणि एअरोप्रेसमध्ये पाणी कुठवर येतंय तिथे परमनंट मार्करने रेघ मारा. ही रेघ मारताना कॉफी आत टाकूनच मारा, कारण कॉफीची पण जागा व्यापली जाते. दूधवाल्या कपासाठी १२० ला दुसरी रेघ.

मग रूमवर:

१) केटल लावली की तेवढ्यात दळा. जाडी बारीक रव्याएवढी. ग्राइंडरची जाडी बदलायची चकती फिरवताना होणाऱ्या क्लिक मोजून फोनमध्ये लिहून ठेवा, प्रत्येक ग्राइंडरचं वेगळं असतं.

२) पाणी उकळलं की पहिलं थोडं पाणी रिकाम्या एअरोप्रेसमधून कागदासकट मगमध्ये जाऊ द्या, कागदाचा वास जातो न् मग तापतो. ते ओतून द्या.

३) पुडी रिकामी करा, केटलमधलं पाणी लगेच रेघेपर्यंत ओता. चमच्याने तीन-चार वेळा हलवा. दट्ट्या वरून अर्धा इंच आत घालून ठेवा, म्हणजे आत पोकळी होते न् खालून गळणं थांबतं.

४) दोन मिनिटं थांबा. हळूहळू दाबा, अर्ध्या मिनिटात खाली यायला हवं. सूं असा आवाज आला की थांबा, शेवटचे थेंब कडू असतात.

एअरोप्रेस उलटं धरून करायची पद्धत व्हिडिओत दिसते, ती हॉटेलात करू नका. उलटताना हात सटकला तर उकळतं पाणी अंगावर आणि कॉफी गालिच्यावर.

दाबायला हॉटेलचा चिनी मातीचा कप घेऊ नका, तो बऱ्याचदा दीडशे मिलीचाच असतो, त्यात सगळं मावत नाही, आणि वरून जोर दिल्यावर कड तडकते किंवा कप घसरतो. कागदी कप तर दबतोच. म्हणून स्टीलचा मग, आणि तो टेबलावर नव्हे, कमरेच्या उंचीच्या घट्ट जागी ठेवून सरळ वरून दाबा. काचेचं टॉप असलेलं टेबल नको.

सामान काहीच नसेल त्यांच्यासाठी: स्टीलच्या ग्लासात १२ ग्रॅम जाड्या रव्याएवढी दळलेली कॉफी, त्यावर २०० मिली उकळतं पाणी. चार मिनिटांनी वर जो थर येतो तो चमच्याने तीनदा मागे ढकला, फेस काढून टाका, आणि आणखी पाच मिनिटं हात लावू नका. गाळ खाली बसतो. वरून हळू दुसऱ्या कपात ओता, तळचं दोन बोटं राहू द्या. कॉफी चाखून दर्जा ठरवणारे लोक याच धर्तीवर करतात. चव अगदी स्वच्छ येते.

दुधाचं म्हणाल तर केटलमध्ये दूध तापवू नका. तळाला करपतं, उतू जाऊन बटणात शिरतं, आणि पुढच्या पाहुण्याच्या पाण्याला वास येतो. खाली चहाच्या टपरीवर "अर्धा ग्लास गरम दूध द्या, साखर नको" असं सांगितलं की देतात. ट्रेमधल्या दूध पावडरीच्या पुडीत बहुतेक साखर असतेच, वाचून बघा.

७. महाबळेश्वरच्या दोन रात्री, आकड्यांसकट

डिसेंबरात आम्ही तिघं महाबळेश्वरला गेलो होतो, मी, नवरा आणि सासरे. दोन रात्री, म्हणजे पहिल्या संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी दोनदा न् तिसऱ्या सकाळी अशी चार वेळा कॉफी, प्रत्येकाला एक कप, एकूण बारा. त्यातले चार सासऱ्यांचे दुधाचे. म्हणजे १५ च्या आठ पुड्या १२० ग्रॅम, १८ च्या चार पुड्या ७२ ग्रॅम, वर दोन जादा पुड्या ३० ग्रॅम, एकूण २२२. अडीचशे ग्रॅमच्या एका पाकिटात सगळं बसलं. पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या आठ बाटल्या घेतल्या, दोन उरल्या.

पहिल्या संध्याकाळची कॉफी बिघडली. माझा आणि नवऱ्याचा कप आंबट, पाणचट, कच्च्या हरभऱ्यासारखी चव. सासऱ्यांच्या दुधात कळलं नाही, पण ते म्हणाले, "आज कॉफी लागत नाहीये गं." बीन्स तेच, माप तेच, क्लिक तेच, पाणी आदल्या आठवड्यात सांगलीत वापरलं त्याच ब्रँडचं.

विचार केल्यावर लक्षात आलं की बदलली होती ती फक्त उंची आणि थंडी. दर तीनशे मीटरला पाणी साधारण एक डिग्री आधी उकळतं. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, तिथे पाणी ९८ च्या आसपास उकळतं. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या वर, तिथे ९५-९६ लाच उकळ्या फुटतात, केटल बंद होते, आपल्याला वाटतं पाणी तेवढंच गरम आहे. त्यात घरी मी उकळल्यावर मिनिटभर थांबते ती सवय तिथेही चालू ठेवली, आणि भांडी न तापवता घाईने केली कारण सासऱ्यांना थंडी वाजत होती. गार प्लास्टिक, गार मग, रूमच थंड. पावडरीला पाणी लागलं तेव्हा ते ८५ च्या खाली गेलं असणार. कमी गरम पाण्यात आंबट घटक आधी उतरतात, गोडवा न् बाकीची चव मागे राहते.

दुसऱ्या सकाळी चार गोष्टी केल्या. एअरोप्रेस न् मग दोनदा उकळत्या पाण्याने भरून तापवले. केटल खट् करून बंद झाली की त्याच क्षणी पाणी ओतलं. ग्राइंडर दोन क्लिक बारीक केला. दोनऐवजी तीन मिनिटं भिजू दिली. आणि कप बरोबर आला, थेट घरच्यासारखा नाही पण गोडवा होता, आंबटपणा संत्र्यासारखा, बोचणारा नाही. लॉजवर थर्मासमधून पाणी आणता तेव्हा पण हाच उपाय, बारीक दळा न् जास्त वेळ ठेवा.

चव वाचायची साधी रीत: आंबट न् पाणचट लागली तर पुढचा कप बारीक दळा किंवा अर्धा मिनिट जास्त. कडू न् तोंड कोरडं पाडणारी लागली तर जाड दळा किंवा कमी वेळ. एका वेळी एकच गोष्ट बदला. चार बदलल्या (मी बदलल्या, कारण सासरे वाट बघत होते) तर कशाने सुधारलं ते कळत नाही. दोन जादा पुड्या असतात त्या यासाठीच.

८. आवरणे

चोथा सिंकमध्ये किंवा बेसिनमध्ये धुवून टाकू नका, वाकड्या पाइपात तो घट्ट बसतो आणि पाणी तुंबतं. एअरोप्रेसचं झाकण काढून कचऱ्याच्या डब्यावर दट्ट्या दाबला की चकतीसारखा बाहेर पडतो, तो वर्तमानपत्रात गुंडाळा. स्टीलच्या फिल्टरचा चोथा चमच्याने काढून तसाच कागदात.

हॉटेलचा पांढरा टॉवेल कशालाही लावू नका. कॉफीचा डाग राहिला तर चेक-आऊटला टॉवेलचे पैसे लावतात. मला एकदा तीनशे भरावे लागले. म्हणून गडद फडकं.

निघायच्या सकाळी घाई असते, ओलं सामान तसंच डब्यात कोंबलं जातं आणि घरी दोन दिवसांनी उघडलं की रबराला कुबट वास. शेवटचा कप झाला की एअरोप्रेसचे दोन्ही भाग वेगळे करून फडक्यावर ठेवा, दट्ट्या नळीत घालून ठेवू नका, रबर दबून सैल पडतं. ग्राइंडरला पाणी लावायचं नाही, आतली चकती गंजते, फक्त फुंकर आणि कोरड्या ब्रशने झटका. वाळायला वेळच नसेल तर ओलं सामान वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड उघडं ठेवून, बॅगेत सगळ्यात वर.